रिकामा मेसेज गेला की मॉडेलच्या हाती नेमकं काय पडतं?

सुनंदा_ऐरोली

माझे दीर कोपरखैरण्यात डब्यांचं स्वयंपाकघर चालवतात. घणसोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांत दुपारचे डबे जातात. हिशेब मी बघते. गेल्या वर्षी एका मुलाने त्यांना व्हॉट्सॲपवर बॉट करून दिला. गिऱ्हाईक लिहितं "उद्या डबा नको" किंवा "भाकरीऐवजी पोळी", बॉट उत्तर देतो आणि शीटमध्ये खूण करतो. मागे भाषेचं मॉडेल आहे.

आता अडचण. रबाळ्याच्या एका गिऱ्हाइकाचा डबा गेला नाही. ते म्हणाले, मी रद्द केलाच नव्हता. त्यांचं संभाषण उघडलं. त्यांनी लिहिलं होतं, "उद्या बहुतेक बाहेरगावी जायचंय." बॉटने विचारलं, "उद्याचा डबा रद्द करायचा का?" त्यावर त्यांनी लग्नपत्रिकेचा फोटो टाकला, खाली एक शब्दही नाही. लग्न पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हाचं बघा, असं त्यांना सांगायचं होतं. बॉटने "हो, रद्द केला" असं कळवलं आणि खूणही केली.

लॉग पाहिले तर त्या जागी गिऱ्हाइकाचा मेसेज `""` असा दिसतो, म्हणजे पूर्ण रिकामा. मग असे बाकीचे रिकामे मेसेज शोधले. एकाला बॉटने नमस्कार करून काय मदत हवी ते विचारलंय. एकाला इंग्रजीत सांगितलंय की तुमचा मेसेज रिकामा आला. एकाला आठवड्याचा मेनू पाठवलाय, कोणी मागितलेला नसताना. मेसेज तोच, म्हणजे काहीच नाही, आणि उत्तरं चार तऱ्हांची. असं का होतं? मॉडेलला तेव्हा काय दिसतं?

निनाद_वाशी

काहीच दिसत नाही, हेच उत्तर आहे. इनपुट शून्य असलं की मॉडेल ट्रेनिंगमध्ये वाचलेलं काहीही बाहेर काढतं. म्हणून दर वेळी वेगळं.

अविकाका_नौपाडा

सुनंदाताई, हा फोनचा दोष असू शकतो. माझ्या जुन्या हँडसेटवर मराठी मेसेज कोरे दिसायचे, कारण फॉण्ट नव्हता. मजकूर आत असायचा, नुसता दिसत नव्हता. तुमच्या लॉगमध्येही तसंच झालं नसेल ना?

मंदार_कळवा

निनाद, तुझं म्हणणं एका ठिकाणी खरं आहे, पण या ठिकाणी नाही. संवादाचं वळण न दिलेलं कच्चं मॉडेल असेल आणि त्याला फक्त "मजकूर इथून सुरू" एवढीच खूण दिली, तर ते खरोखर कुठलंही पान लिहायला लागतं. कधी बातमी, कधी कोड, कधी पाककृती. पण आपण चॅटमध्ये वापरतो त्या मॉडेलला रिकामा मेसेज कधीच रिकामा पोचत नाही.

आपण लिहिलेला मजकूर तसाच्या तसा मॉडेलकडे जात नाही. आधी तो एका साच्यात बसवला जातो. कोण बोलतंय, कुठे सुरू झालं, कुठे संपलं, यासाठी ठरलेल्या खुणा असतात. लामा ३ हे मॉडेल घ्या. मागचं संभाषण नाही, बॉट बनवणारा आधी लिहून ठेवतो ती सिस्टीम सूचना नाही आणि मेसेज कोरा, तरी मॉडेलला हे मिळतं:

```
<|begin_of_text|><|start_header_id|>user<|end_header_id|>

<|eot_id|><|start_header_id|>assistant<|end_header_id|>

```

मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं आणि लिहितं त्यांना टोकन म्हणतात. हे १० टोकन झाले. त्यातून मॉडेलला बरंच कळतं: संभाषण सुरू झालंय, समोर माणूस आहे, त्याची पाळी येऊन संपली, आता बोलायची पाळी माझी आहे. आतला मजकूर तेवढा नाही. कार्यालयातल्या छापील फॉर्मवर "अर्जदाराचे म्हणणे" हा रकाना कोरा असला, तरी कारकुनाला फॉर्म कुठल्या खात्याचा आहे आणि सही कुठे करायची आहे हे कळतंच.

सुनंदाताई, तुमच्या रबाळ्याच्या प्रकरणात तर रकान्याच्या वर आणखी बरंच काही लिहिलेलं होतं. तुमचं मॉडेल कोणतं ते मला माहीत नाही. बऱ्याच मॉडेलांत वापरतात त्या साच्यात ते साधारण असं गेलं असेल:

```
<|im_start|>system
(डब्याचे नियम, मेनू, रद्द करण्याची वेळ)<|im_end|>
<|im_start|>user
उद्या बहुतेक बाहेरगावी जायचंय<|im_end|>
<|im_start|>assistant
उद्याचा डबा रद्द करायचा का?<|im_end|>
<|im_start|>user
<|im_end|>
<|im_start|>assistant
```

हे वरून खाली एका दमात वाचा. मॉडेलही एवढंच वाचतं. फोटो यात कुठेच नाही. मॉडेलपुढे प्रश्न एकच: हा मजकूर इथून पुढे कसा गेला असता? बाहेरगावी जायचंय, रद्द करू का, आणि मग समोरच्याची पाळी आक्षेपाविना संपली. अशा मजकुराच्या पुढे "हो, रद्द केला" येणं अजिबात विचित्र नाही. शेवटचा मेसेज कोरा होता, म्हणून सगळा भार आधीच्या दोन ओळींवर पडला.

शशिकला_घोडबंदर

यावर उपाय सोपा आहे. टेंपरेचर, म्हणजे पुढचा शब्द निवडताना किती फासे टाकायचे ते ठरवणारी सेटिंग, शून्य करा. उत्तरं बदलतात ती त्यातल्या फाशांमुळे. शून्य केलं की दर वेळी तेच उत्तर येईल.

मंदार_कळवा

शशिकलाताई, फाशांचा भाग खरा आहे, आणि रिकाम्या मेसेजमध्ये तो जास्त का जाणवतो तेही सांगतो. मॉडेल एकेक टोकन निवडत जातं. "ठाण्याहून वाशीला जायला कोणती लोकल?" असं विचारलं तर उत्तराची सुरुवात बऱ्यापैकी ठरलेली असते, एकच पर्याय बाकीच्यांच्या फार पुढे असतो. मेसेज कोरा असला की पहिल्याच टोकनाला बरेच पर्याय जवळजवळ सारख्या वजनाचे होतात: "नमस्कार" चालेल, "तुमचा" चालेल, इंग्रजीतलं `It` चालेल. त्यातला जो निवडला जातो तो पुढचं सगळं ओढून नेतो. `It` आलं की पुढे मेसेज रिकामा दिसतोय हे वाक्य ओघाने येतं. "नमस्कार" आलं की काय मदत हवी, हे येतं. "आठवड्याचा" आलं की मेनू. ताईंना दिसलेल्या तऱ्हा म्हणजे पहिल्या पावलावर फुटलेल्या वाटा आहेत.

पण शून्य करून काय मिळणार? ज्याचं वजन सर्वांत जास्त तेच दर वेळी येईल. रबाळ्याच्या संभाषणात ते "हो, रद्द केला" असेल, तर दर वेळी डबा रद्दच होईल. शिवाय वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची मागची संभाषणं वेगळी असतात, म्हणजे कोऱ्या मेसेजच्या आधीचा मजकूर वेगळा, म्हणजे शून्यावरसुद्धा उत्तर वेगळं.

आणखी एक. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारं मॉडेल शून्यावरही तंतोतंत तेच देईल याची खात्री नसते. तिथे अनेकांच्या विनंत्या एकत्र करून गणित केलं जातं. गठ्ठा केवढा आहे त्यावर दशांशांची बेरीज कुठल्या क्रमाने होते ते ठरतं, आणि क्रम बदलला की शेवटचे अंक किंचित हलतात. एक पर्याय बराच पुढे असेल तेव्हा याने काही बिघडत नाही. दोन पर्याय खांद्याला खांदा लावून असतील तर तेवढ्यानेही निवड पालटते, आणि कोऱ्या मेसेजमध्ये ते नेमके तसेच असतात.

सुनंदा_ऐरोली

मंदार, वरून खाली वाचून पाहिलं आणि लख्ख कळलं. मग फोटो गेला कुठे? गिऱ्हाइकाने फोटो पाठवलाय हे व्हॉट्सॲपला तर माहीत होतं.

मंदार_कळवा

व्हॉट्सॲपने तो तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचवला होता. त्यांच्या एपीआयकडून येणाऱ्या प्रत्येक मेसेजवर `type` असतो: `text`, `image`, `audio`, `sticker`, `location`, `reaction`. मजकूर `text` मधल्या `body` मध्ये असतो, आणि तो फक्त पहिल्या प्रकारात. फोटोला ओळ लिहिलेली असेल तर ती `image` मध्ये `caption` म्हणून येते, नसेल तर येतच नाही. तुमच्या कोडमध्ये अशी ओळ आहे का बघा:

```python
text = msg.get("text", {}).get("body", "")
```

शेवटचं `""` म्हणजे "मजकूर सापडला नाही तर कोरं धर". फोटो, स्टिकर, लोकेशन, सगळ्यांचं या एका ओळीत कोरं होतं. मॉडेलपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यातला फरकच उरत नाही.

सुनंदा_ऐरोली

आहे. जवळजवळ अक्षरशः हीच ओळ आहे.

प्राची_खारघर

मी शिकवणी घेते, माझा अनुभव थोडा उलटा आहे. विद्यार्थी आवाजात शंका पाठवतात, एक ॲप त्याचा मजकूर करतं आणि तो मॉडेलकडे जातो. एका मुलीने चुकून बटण दाबलं, नुसती शांतता रेकॉर्ड झाली. मजकूर आला तो "व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद" अशा अर्थाचा, इंग्रजीत. मॉडेलने तिचे उलट आभार मानले आणि पुढच्या व्हिडिओविषयी विचारलं. माझ्याकडे रिकामं पाठवलं तरी रिकामं पोचत नाही. हे यातच बसतं का?

मंदार_कळवा

बसतं, पण एक पायरी आधीचं. आवाजाचं मजकुरात रूपांतर करणारं मॉडेलही पुढचा शब्द अंदाजानेच लिहितं. व्हिस्परच्या पहिल्या मॉडेलांना वेबवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलं होतं. तशा साठ्यात व्हिडिओंची उपशीर्षकं पुष्कळ असतात, आणि व्हिडिओच्या शेवटी शांततेवर आभाराची ओळ झळकते. त्यामुळे शांतता दिली की तीच ओळ लिहिली जाणं, ही अशा मॉडेलांची अनेकांना आलेली खोड आहे. तुमच्या भाषेच्या मॉडेलने त्याला मिळालेल्या वाक्याला बरोबर उत्तर दिलं. सुनंदाताईंकडे कोरा मेसेज अडवला की काम होईल. तुमच्याकडे नाही होणार, कारण मजकूर कोरा नाहीच. आवाजात बोलणं आहे की नाही हे मजकूर करण्याआधीच तपासावं लागेल.

निनाद_वाशी

ठीक, माझं "काहीच दिसत नाही" मागे. पण मग एपीआय कोरा मेसेज घेतातच कशाला? मी वापरतो ती सेवा सरळ ४०० एरर देते, मजकूर रिकामा चालणार नाही म्हणून.

मंदार_कळवा

काही देतात, काही घेतात. यावर एकमत नाही, आणि उत्तरं वेगवेगळी येण्याचं हेही एक कारण आहे. एरर आली की कोड लिहिणारा बहुतेकदा वाट काढतो. एक जण कोऱ्याच्या जागी टिंब घालतो, दुसरा एक स्पेस, तिसरा `(empty)` असा शब्द. काही ठिकाणी कोरा मेसेज यादीतून गाळला जातो, मग मॉडेलला स्वतःच्याच प्रश्नानंतर पुन्हा स्वतःची पाळी दिसते. हे चारही मॉडेलसाठी वेगळे मजकूर आहेत. टिंबाला "पुढे बोला" असं उत्तर येऊ शकतं, `(empty)` ला इंग्रजीत.

स्पेसचं तर मॉडेलगणिक वेगळं. लामा ३ च्या साच्यात मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा कापली जाते, म्हणून नुसती स्पेस आणि कोरा मेसेज आत एकच होतात. क्वेन २.५ या मॉडेलच्या साच्यात ती कापत नाहीत, स्पेस टोकन म्हणून आत जाते. शिवाय क्वेन २.५ ला आपण सिस्टीम सूचना दिली नाही, तर साचा स्वतःच एक घालतो: तू क्वेन आहेस, अलीबाबा क्लाउडने बनवलेला मदतनीस आहेस, अशा अर्थाची, इंग्रजीत. आपल्याला वाटतं आपण काहीच दिलं नाही, पण मॉडेलला ती ओळ मिळालेली असते आणि उत्तराची भाषा आणि सूर तिथूनही येतो.

शशिकला_घोडबंदर

मग नेमकं काय गेलं ते बघायचं कसं? लॉगमध्ये तर `""` एवढंच दिसतं.

मंदार_कळवा

लॉग चुकीच्या जागी लावलाय म्हणून. साच्यात बसवण्याआधीचं नाही, नंतरचं छापायचं. मॉडेल स्वतःच्या मशीनवर असेल तर:

```python
s = tokenizer.apply_chat_template(
    messages, tokenize=False,
    add_generation_prompt=True)
print(repr(s))
```

`repr` विसरू नका, नाहीतर स्पेस आणि ओळबदल डोळ्यांना दिसणार नाहीत. सेवा दुसऱ्याची असेल तर आतला मजकूर दाखवत नाहीत, पण उत्तरासोबत इनपुट टोकनांचा आकडा बहुतेक सेवा देतात. तेच संभाषण एकदा कोऱ्या मेसेजने आणि एकदा नुसत्या "अ" ने पाठवा. फरक एखाद्‑दुसऱ्या टोकनाचा असेल तर कोरी पाळी साच्यासकट पोचतेय. फरक साच्याच्या खुणांएवढा मोठा असेल तर मध्येच कोणीतरी ती पाळी गाळतंय.

अविकाका_नौपाडा

मंदार, माझ्या फॉण्टच्या मुद्द्याला उत्तर राहिलं. मजकूर असून न दिसणं, असं होऊ शकतं की नाही?

मंदार_कळवा

होतं, काका, आणि मराठीत जास्त होतं. फॉण्टमुळे नाही, न दिसणाऱ्या अक्षरांमुळे. "दुसर्‍या" मधला अर्धा र टाइप करताना र, हलन्त आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह बसतं, `U+200D`. काही कीबोर्डवर ते वेगळं टाइप होतं. कोणी शब्द खोडताना तेवढंच मागे राहून पाठवलं गेलं, तर मेसेज डोळ्यांना कोरा, पण मॉडेलला तीन बाइटचा मजकूर. पायथॉनच्या `strip()` ला ते मोकळी जागा वाटत नाही, म्हणून `if not text.strip()` ही नेहमीची तपासणी त्याला सोडून देते. कोड हवा असेल तर:

```python
import unicodedata
def kora(s):
    return all(c.isspace() or
        unicodedata.category(c) in ("Cf", "Cc")
        for c in s)
```

अविकाका_नौपाडा

मग सगळ्या मेसेजमधून ती अदृश्य चिन्हं काढूनच टाकली तर?

मंदार_कळवा

नको, काका. काढली तर "दुसर्‍या" चा "दुसर्या" होईल, र वर रफार म्हणून चढेल. फक्त एवढंच विचारायचं की मेसेजमध्ये या चिन्हांखेरीज काही आहे का. नसेल तर कोरा धरायचा. असेल तर हात लावायचा नाही.

प्राची_खारघर

एक शंका. सिस्टीम सूचनेत "मेसेज रिकामा असेल तर काही करू नकोस, पुन्हा विचार" असं लिहिलं तर मॉडेल ऐकणार नाही का? मी तसं लिहिलंय, बऱ्याचदा चालतं.

मंदार_कळवा

बऱ्याचदा चालतं हे खरं, कारण त्या ओळीमुळे पहिल्या टोकनाची वजनं बदलतात. पण ती वजनंच, कुलूप नव्हे. शिकवण्याच्या साठ्यात माणसाची पाळी पूर्ण कोरी आहे अशी उदाहरणं विरळ असणार, त्यामुळे मॉडेलला त्या प्रसंगाची घट्ट सवय लागलेली नसते. लांब संभाषणात, "रद्द करू का?" या ताज्या प्रश्नाच्या लगेच खाली, तुमची सूचना मागे पडू शकते. उत्तर चुकलं तर चालणार असेल तिथे सूचना पुरेशी आहे. डबा रद्द होणार असेल तिथे निर्णय मॉडेलपर्यंत जाऊच देऊ नये, असं माझं मत.

निनाद_वाशी

याला मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक गोष्ट कोडमध्ये अडवायची तर मॉडेल कशाला घ्यायचं? कोऱ्या पाळीवर "कळलं नाही, पुन्हा सांगता का?" म्हणणं हे मॉडेलला नीट शिकवता यायला हवं. ते शिकवणाऱ्यांचं काम आहे, डबेवाल्यांचं नाही.

मंदार_कळवा

यायला हवं, मान्य. पण कोऱ्या पाळीचं एकच बरोबर उत्तर नाही. गोष्ट लिहून घेणारा माणूस नुसतं एंटर दाबतो तेव्हा त्याला "पुढे लिही" म्हणायचं असतं. पहिलाच मेसेज कोरा असेल तर नमस्कार ठीक. रद्द करण्याच्या प्रश्नानंतर कोरा असेल तर थांबणं ठीक. शिकवणाऱ्याने कुठली सवय लावायची? आज मॉडेलं वेगवेगळी वागतात त्याचं एक कारण हेही असेल, असं मला वाटतं.

सुनंदा_ऐरोली

त्या मुलाकडून बदल करून घेतला. `type` मजकुराचा नसेल तर मेसेज मॉडेलकडे जात नाही. गिऱ्हाइकाला ठरलेली ओळ जाते, की फोटो किंवा स्टिकर आम्हाला वाचता येत नाही, कृपया शब्दांत लिहा. फोटोखाली ओळ असेल तर ती ओळ आत जाते. अविकाकांच्या मुद्द्यामुळे अदृश्य चिन्हांची तपासणीही बसवली. लॉगमध्ये आता `type` छापतो, त्यामुळे कोरं का आलं हे कळतं.

एक गोष्ट अडली आहे. कोऱ्यांमध्ये बऱ्याच `reaction` निघाल्या, म्हणजे "रद्द करायचा का?" या मेसेजवर दाबून दिलेला अंगठा. तो तर खरोखर "हो" आहे ना? त्यांनाही "शब्दांत लिहा" म्हटलं तर लोक वैतागतील.

शशिकला_घोडबंदर

अंगठा म्हणजे हो. कोडमध्ये सरळ "हो" करून मॉडेलला द्या.

अविकाका_नौपाडा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अंगठा म्हणजे "वाचलं". त्यावर डबा रद्द करू नका.

मंदार_कळवा

`reaction` मध्ये ती कुठल्या मेसेजवर दिली त्याचा `message_id` येतो, तो नक्की वापरा. अंगठा आठवडाभर जुन्या प्रश्नावरही असू शकतो, आणि दिलेली खूण कोणी काढून घेतली की त्याचाही मेसेज येतो, त्यात इमोजी नसतो. तोही आजवर `""` म्हणूनच आत गेला असणार. अंगठ्याचा अर्थ "हो" की "वाचलं", हे तुमची गिऱ्हाइकंच सांगू शकतील. मी असतो तर अंगठ्यानंतर "रद्द" आणि "राहू दे" अशी दोन बटणं पाठवली असती. बटण दाबलं की त्याचा `type` वेगळा येतो आणि त्यात कुठलं बटण ते लिहिलेलं असतं.

सुनंदा_ऐरोली

बटणांचं दिरांना विचारते. त्यांचं म्हणणं, निम्मी गिऱ्हाइकं बटण दाबण्याऐवजी थेट फोनच करतील.